सोलरचा हप्ता बिलाच्या बचतीतून भागतो का? सांगलीतल्या एका घराचा हिशेब

प्रश्न: आमचं घर सांगलीत विश्रामबागला आहे. वर्षभराचं सरासरी वीजबिल महिना 3,000 रुपये, युनिट 270 च्या आसपास. एका व्हेंडरने 3 किलोवॅटचं 2 लाख 11 हजारांचं कोटेशन दिलंय. म्हणतो, खिशातून काही भरावं लागणार नाही, 1 लाख 90 हजार कर्ज होईल, दहा वर्षांचा हप्ता 2,100 बसेल, बिल शून्य येईल, म्हणजे पहिल्या महिन्यापासून 900 रुपये फायदा. मिस्टरांचं म्हणणं, कर्ज घ्यायचंच तर पाच वर्षांत फेडून मोकळं व्हावं. नक्की काय करावं?

उत्तर:

ताई, कर्ज घेऊन सोलर बसवणं तुमच्या घराला परवडतं. पण व्हेंडरने मांडलेला हिशेब बरोबर नाही, आणि पाच वर्षांचा हप्ताही मी घेऊ देणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर 2 किलोवॅट बसवलं असतं, कागदावर दहा वर्षांची मुदत घेतली असती आणि कर्ज साडेचार वर्षांत संपवलं असतं. का, ते सांगतो.

आधी बिल समजून घेऊ, कारण बचत तिथूनच निघते. '3,000 भागिले 270, म्हणजे 11 रुपये युनिट' असा सरासरी दर धरून सगळे हिशेब करतात आणि तिथंच चुकतात. घरगुती बिल टप्प्यांचं असतं. ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यावरचं 16 टक्के विद्युत शुल्क धरलं, तर सध्या पहिल्या 100 युनिटांना साधारण 7 रुपये पडतात, 101 ते 300 च्या टप्प्याला 13 रुपये आणि त्याच्या वर साडेसोळा. इंधन समायोजन आकारामुळे दरमहा थोडं मागेपुढे होतं. शिवाय स्थिर आकार शुल्कासकट दीडशेच्या घरात जातो आणि सोलर बसवल्यावरही तो भरावाच लागतो. त्यामुळे 'शून्य बिल' म्हणजे प्रत्यक्षात दीडशेचं बिल.

नेट मीटर लागल्यावर तुम्ही ग्रिडमधून घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटं वजा होतात आणि उरलेल्या युनिटांवर टप्प्यांप्रमाणे बिल लागतं. म्हणजे सोलरचं युनिट आधी तुमचं सगळ्यात महाग युनिट खातं. पहिल्या किलोवॅटची वीज 13 रुपयांची युनिटं वाचवते, शेवटच्या किलोवॅटची 7 रुपयांची, आणि त्याहून जास्त तयार झालेली वीज पुढच्या महिन्यात जमा होते. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपताना जी जमा शिल्लक उरते, तिचे पैसे आपण भरतो त्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने आणि वर्षातून एकदाच मिळतात. हप्ता मात्र दरमहा जातो. म्हणून हप्त्याच्या हिशेबात मी ती रक्कम धरत नाही. मिळाली तर वरकमाई.

आता तुमचं वर्ष मांडू. तुमच्याकडे मागच्या बारा महिन्यांची युनिटं बिलावर छापलेली असतील, ती घेऊन हाच हिशेब पुन्हा करा. मी अंदाजाने उन्हाळ्याचे तीन महिने 330, जून ते ऑक्टोबर 255 आणि थंडीत 245 युनिटं धरली आहेत. 2 किलोवॅटचा प्लांट आपल्या भागात उन्हाळ्यात महिन्याला 280 च्या आसपास युनिटं देतो, जून ते सप्टेंबर 170, ऑक्टोबरमध्ये 230 आणि थंडीत 250. वर्षाला साधारण 2,750 युनिटं होतात. सावली नसलेलं आणि दक्षिणेकडे तोंड असलेलं गच्चीवरचं काम असेल तरच हे आकडे धरायचे. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली दुपारी दोन तास जरी पॅनेलवर येत असेल, तर त्या जागेचा फोटो काढून व्हेंडरला वेगळा आकडा विचारा.

उन्हाळ्यात तुमचं बिल साधारण 3,945 येतं, सोलरनंतर 500 येईल. बचत 3,445. थंडीत 2,735 चं बिल दीडशेवर येईल, बचत 2,585. ऑक्टोबरची बचत 2,540. पावसाळ्यात मात्र 255 पैकी 170 युनिटंच सोलर भागवेल, उरलेली 85 युनिटं आणि स्थिर आकार मिळून 745 चं बिल येईल, आणि बचत होईल 2,120. बारा महिने मिळून बचत साधारण 31,700, म्हणजे महिन्याला सरासरी 2,640.

सरासरी 2,640 हा आकडा हप्त्याशी ताडून बघायचा नाही. हप्ता ताडायचा तो 2,120 शी, म्हणजे सगळ्यात वाईट महिन्याशी, कारण बँक जुलैचा हप्ता मेच्या बचतीतून कापत नाही. जून ते सप्टेंबर सलग चार महिने कमी बचतीचे असतात आणि शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दुरुस्त्या हे सगळं त्याच दिवसांत निघतं. हप्ता चुकतो तो इथेच. म्हणून माझा नियम असा आहे की पावसाळी महिन्याच्या बचतीतून हप्ता भरून थोडे पैसे उरले पाहिजेत.

आता कर्ज. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती प्लांटला सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, 2 लाखांपर्यंत, जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी, आणि किमतीच्या किमान 10 टक्के रक्कम तुम्ही घालायची असते. व्याजदर रेपोशी जोडलेला असतो. मी हिशेबाला 6 टक्के धरलाय. अर्ज करण्याच्या दिवशी तुमच्या बँकेचा दर विचारून घ्या, पाव-अर्धा टक्का इकडेतिकडे झाल्याने निर्णय बदलत नाही. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला 30,000 प्रमाणे आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅटला 78,000. त्याच्या वर कितीही मोठा प्लांट लावला तरी 78,000 च. अनुदान देशी बनावटीच्या, म्हणजे डीसीआर पॅनेललाच मिळतं. कोटेशनवर हे शब्द लिहिलेले नसतील तर लिहून घ्या.

2 किलोवॅटचं काम 1 लाख 40 हजारांना धरू. तुमचे 14,000, कर्ज 1,26,000. हप्ता स्वतः काढायचा असेल तर एक्सेलमध्ये हे टाइप करा:

```
=PMT(0.06/12,120,-126000)
```

उत्तर 1,399 येईल. पाच वर्षांसाठी 120 च्या जागी 60 टाका, हप्ता 2,436 येतो. आता मिस्टरांना 2,120 आणि 2,436 हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. पावसाळ्याच्या प्रत्येक महिन्यात 316 रुपये घरखर्चातून घालावे लागतील. लवकर फेडण्याचा त्यांचा विचार चांगलाच आहे, पण तो दुसऱ्या वाटेने साधायचा, आणि ती वाट अनुदानातून जाते.

कर्ज मंजूर होतं ते पूर्ण किमतीवर. अनुदान नंतर येतं, प्लांट चालू होऊन नेट मीटर लागल्यावर. ते कर्जखात्यात जमा झालं तर 1,26,000 मधून 60,000 जाऊन 66,000 उरतात. इथं बँक दोनपैकी एक करू शकते. हप्ता कमी करून 733 करायचा आणि दहा वर्षं चालू ठेवायचा, किंवा हप्ता 1,399 च ठेवून मुदत कमी करायची. दुसरा मार्ग घेतला तर उरलेलं कर्ज साधारण 54 महिन्यांत फिटतं, आणि त्या 66,000 वर एकूण व्याज साडेनऊ हजारांच्या आसपास बसतं. 733 चा हप्ता दहा वर्षं चालवला तर व्याज 22,000 च्या घरात जातं. तुमची पावसाळी बचत 2,120 असताना 733 चा हप्ता घेण्याची गरज नाही. 1,399 ठेवा, जुलै-ऑगस्टमध्येही 721 रुपये हातात उरतील. एप्रिल-मेमध्ये दोन हजारांवर उरतात, त्यातले हजार-दीड हजार जास्तीचे कर्जात भरले तर साडेचार वर्षांचीही वाट बघावी लागत नाही. वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा त्याची धास्ती नको.

अनुदान आपोआप कर्जखात्यात जाईल असं मात्र गृहीत धरू नका. योजनेच्या पोर्टलवर जे खातं दिलेलं असतं तिथं ते जमा होतं. बऱ्याच घरांत ते बचत खात्यात येतं, तिथून भावाच्या लग्नात किंवा मुलीच्या ॲडमिशनमध्ये जातं, आणि कर्ज 1,26,000 वरच चालू राहतं. कर्ज मंजुरीच्या वेळीच शाखेत विचारून घ्या की अनुदान कुठल्या खात्यात येणार. बचत खात्यात येणार असेल तर आलेल्या दिवशी शाखेत जाऊन 'अनुदानाची रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असा दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून होत नाही, कारण सिस्टीममध्ये दोन्ही पर्याय असतात आणि समोरचा माणूस त्याला सोपा वाटेल तो निवडतो.

आता 3 किलोवॅटकडे येऊ. प्रामाणिक किमतीत, म्हणजे 1 लाख 90 हजारांत, 10 टक्के तुम्ही घातले तर कर्ज 1,71,000 आणि हप्ता 1,898. 2 किलोवॅटपेक्षा 499 ने जास्त. बचत किती वाढते? थंडीत अजिबात नाही, कारण 2 किलोवॅटमध्येच तुमची सगळी युनिटं निघून गेलेली असतात. पावसाळ्यात 595 ने, उन्हाळ्यात 350 ने, ऑक्टोबरमध्ये 175 ने. वर्षाला 3,600, म्हणजे महिन्याला 300 रुपये. तिसरा किलोवॅट दरमहा 300 कमावतो आणि 499 चा हप्ता मागतो. वर्षाअखेर उरलेल्या आठ-नऊशे युनिटांचे जे पैसे येतील, त्याने थोडा हातभार लागेल, पण तेवढ्यासाठी कर्ज वाढवू नये.

याला एक अपवाद आहे. येत्या वर्ष-दोन वर्षांत एसी बसवायचाय, गॅसऐवजी इंडक्शन वापरायचंय किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे, असं पक्कं ठरलेलं असेल तर 3 किलोवॅट घ्या. तुमचा महिन्याचा वापर 350 च्या पुढे गेला की तोच तिसरा किलोवॅट 13 रुपयांची युनिटं वाचवू लागतो आणि सगळं गणित फिरतं. नुसतं 'पुढे-मागे लागेल' म्हणून नको.

तुमच्या व्हेंडरच्या 'खिशातून काही नाही' या बोलण्याकडे जरा नीट बघा. 2 लाख 11 हजारांचे 90 टक्के जवळपास 1 लाख 90 हजार होतात. म्हणजे खरी किंमत 1 लाख 90 हजारच आहे आणि तुमचे 10 टक्के कागदावर भरलेले दिसावेत म्हणून कोटेशन 21 हजारांनी फुगवलंय. हे उपकार नाहीत. तुम्ही घालायचे 19,000 कर्जात गेले, त्यावर दहा वर्षं व्याज तुम्हीच भरणार, आणि बँकेला दिलेल्या खोट्या किमतीच्या कागदावर सही तुमची असणार. त्याला सरळ सांगा, खऱ्या किमतीचं कोटेशन दे, आमचा वाटा आम्ही चेकने भरू. तयार नसेल तर दुसरा माणूस बघा. योजनेत नोंदणी झालेले व्हेंडर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत.

दुसरा एक सापळा जवळपास रोजच दिसतो. बँकेत फाइल अडकली की व्हेंडर म्हणतो, 'कशाला एवढं, आपल्या फायनान्सवाल्याकडून करून देतो, 7 टक्क्यांनी.' हे 7 टक्के बहुधा फ्लॅट असतात, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवरच धरतात. 1,26,000 वर पाच वर्षांचं 7 टक्के फ्लॅट व्याज म्हणजे 44,100, आणि हप्ता 2,835. बँकेच्या पद्धतीने बघितलं तर हा दर साडेबारा टक्के होतो. तुमची बारा महिन्यांची सरासरी बचतही त्याला पुरत नाही. शिवाय फ्लॅट कर्जात अनुदान आल्यावर मुद्दलात भरलं तरी पूर्ण व्याज आधीच हप्त्यांत बांधलेलं असतं, सूट मिळेल की नाही ते त्यांच्या मर्जीवर. तेव्हा विचारायचं ते एकच, 'घटत्या शिलकीवर दर किती?' उत्तर लेखी मिळालं नाही तर त्या वाटेला जाऊ नका.

बँकेत फाइल अडकण्याचं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मीटर कोणाच्या नावावर आहे. घर सासऱ्यांनी बांधलेलं, मीटर त्यांच्या नावावर, ते वारून दहा वर्षं झाली, आणि बिल अजून त्यांच्याच नावाने येतंय. अर्ज pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांकावरून होतो, कर्जाचा अर्ज jansamarth.in वर, आणि अनुदान त्याच नावाच्या खात्यात जातं. नावं जुळली नाहीत की कुठेतरी थांबतं, आणि वाईट म्हणजे कधीकधी प्लांट बसवून झाल्यावर थांबतं. तुमचं बिल आजच काढून बघा. नाव जुनं असेल तर आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या, मगच कर्जाचा अर्ज करा. आडनावाआधीच्या एका अक्षराचा फरकसुद्धा आधारशी आणि पासबुकाशी जुळवून घ्या.

पुढचा मुद्दा पैसे सुटण्याच्या वेळेचा. बँक रक्कम थेट व्हेंडरच्या खात्यात भरते आणि त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. बचत सुरू होते ती नेट मीटर लागल्यावर. मधले आठवडे तुम्ही जुनं बिलही भरता आणि व्याजही. म्हणून मीटरचा अर्ज व्हेंडरने पॅनेल चढवण्याच्या सुमारासच पुढे सरकवला पाहिजे, आणि शेवटचा टप्पा मीटर लागल्यावरच द्या असं शाखेला आधी सांगून ठेवा. शाखा ऐकेलच असं नाही, पण विचारलेलं बरं. त्या मधल्या काळात 'तोवर चालू तर करू' म्हणून इन्व्हर्टर सुरू करू देऊ नका. बरेचसे साधे डिजिटल मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आत आल्यासारखी मोजतात. दुपारी बारा वाजता घरातलं सगळं बंद असताना मीटरवरचा लाल दिवा भरभर लुकलुकत असेल, तर तुमच्या गच्चीवरची वीज तुमच्याच बिलात चढतेय असं समजा.

प्लांट चालू झाल्यावर बचत खरंच होतेय का, हे पहिल्या दोन-तीन बिलांत तपासायचं. बिलावर घेतलेली आणि दिलेली युनिटं वेगळी छापून येतात. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये महिन्याचं उत्पादन असतं. घेतलेल्या युनिटांत उत्पादन मिळवा आणि त्यातून दिलेली युनिटं वजा करा, घराचा खरा वापर निघतो. समजा घेतली 150, उत्पादन 250, दिली 160, तर वापर 240. हा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा फार वाढला असेल, तर सोलर ठीक चाललंय, घरात गिझर आणि कूलर जास्त वेळ चालू राहतायत. हे सर्रास होतं, 'आता वीज फुकटच आहे' म्हणून. वापर तेवढाच असून उत्पादन कमी असेल, तर गच्चीवर जायचं.

सांगलीत थंडीत उत्पादन पडण्याचं कारण बऱ्याचदा साखर कारखान्याची राख असतं. गळीत हंगामात उसाच्या चिपाडाची काळी राख सकाळी गच्चीवर दिसते, तीच पॅनेलवरही बसते, आणि दव पडलं की चिकटते. नदीकाठच्या वीटभट्ट्यांजवळ घर असेल तर आणखी. तुमचा 2 किलोवॅटचा प्लांट फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी 8 ते 9 युनिटं देईल. ॲपमध्ये सलग तीन दिवस साडेसहा दिसली की धुवायची वेळ झाली. ऊन चढायच्या आधी, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर ते पुसून काढा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि ते राखेपेक्षा अवघड जातात.

विश्रामबागेत तुम्हाला पुराची एवढी काळजी नाही. पण हे वाचणाऱ्यांत कोणी गावभागातले असतील तर इन्व्हर्टर जिन्याखाली लावू देऊ नका, वरच्या मजल्यावरच घ्या. 2019 ला पाणी कुठवर आलं होतं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि इन्व्हर्टर बुडाला तरी हप्ता थांबत नाही. इन्व्हर्टरची वॉरंटी कर्ज संपेपर्यंत तरी पुरली पाहिजे. साडेचार वर्षांत कर्ज फिटणार असेल तर पाच वर्षांची किमान, आठ-दहा वर्षांची मिळाली तर उत्तम. वॉरंटी कार्डावर तुमचं नाव आणि इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर व्हेंडरकडून समोर बसून लिहून घ्या.

ठेव मोडून रोख भरावं का, असंही तुमच्या घरात कोणी विचारेल. ठेवीवरचं व्याज आणि या कर्जाचं व्याज सध्या जवळपास सारखंच असल्याने मी ठेव मोडणार नाही. 14,000 घाला, ठेव अडीअडचणीला राहू द्या. बँकेकडून हे योजनेतलं कर्ज न मिळता साध्या वैयक्तिक कर्जाचा 11-12 टक्क्यांचा दर आला, तर मात्र ठेव मोडलेली बरी.

मागच्या बारा महिन्यांची युनिटं आणि बिलावरचा मंजूर भार कळवलात, तर पावसाळ्याचा आकडा तुमच्या खऱ्या वापरावर काढून देतो. व्हेंडरला 2 किलोवॅटचं खऱ्या किमतीचं कोटेशन मात्र तोवर मागून ठेवा.